सेकंड हँड बाईकची जाहिरात: ‘टकाटक कंडिशन’च्या जागी काय लिहायचं?

हा आपल्या या आठवड्याच्या एपिसोडचा लिखित भाग. ज्यांना इअरफोन न लावता वाचायचंय त्यांच्यासाठी, आणि ज्यांनी ऐकलाय पण जाहिरातीचा मजकूर कॉपी करायचाय त्यांच्यासाठीसुद्धा.

विषय साधा आहे. तुमच्याकडे जुनी बाईक आहे, ती विकायची आहे. त्यासाठी मोबाईलवर किंवा एरियाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जाहिरात टाकायची आहे. आता ती लिहायची कशी? उदाहरण म्हणून माझ्या मामेभावाची बाईक घेऊ. त्याने ऑगस्ट २०२५ मध्ये टाकलेली पहिली जाहिरात अशी होती:

“युनिकॉर्न १५०, २०१९ मॉडेल, सिंगल ओनर, टकाटक कंडिशन, एक रुपयाचा खर्च नाही, सर्व पेपर क्लिअर, इन्शुरन्स चालू. किंमत समक्ष. टाइमपास करणाऱ्यांनी फोन करू नये.”

अशी जाहिरात आपण सगळ्यांनीच शंभर वेळा वाचलीय. गंमत म्हणजे, त्याचा कोणाला फसवायचा विचार नव्हता. त्याच्या मते यातला शब्द न् शब्द खरा होता. पण गाडीचा नंबर हातात आला की घेणारा माणूस यातल्या अर्ध्या गोष्टी दोन मिनिटांत मोबाईलवर तपासू शकतो. एक जरी गोष्ट जुळली नाही, तर उरलेल्या खऱ्या गोष्टींवरही त्याचा विश्वास बसत नाही. म्हणून आपण ही जाहिरात एकेक तुकडा घेऊन नीट करूया.

‘सिंगल ओनर’ म्हणजे नक्की कोण?

गाडी २०१९ मध्ये मामाच्या नावावर घेतली. २०२३ मध्ये ती मुलाच्या, म्हणजे माझ्या मामेभावाच्या नावावर केली. गाडी घराबाहेर गेलीच नाही, म्हणून त्याने लिहिलं ‘सिंगल ओनर’.

पण आरसीला हे नातं कळत नाही. आरसीवर मालकाचा क्रमांक असतो, आणि नाव बदललं की तो एकने वाढतो. वडिलांकडून मुलाकडे गेली तरी वाढतोच. `mParivahan` अ‍ॅपमध्ये नंबर टाकणाऱ्याला नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे हे समोर दिसतं. आरसी हातात घेतली की मालक दुसरा आहे हेही दिसतं. तिथे ‘२’ आणि जाहिरातीत ‘सिंगल’, मग बोलणं तिथेच संपलं.

खरं वाक्य यापेक्षा जास्त चांगलं आहे: “आरसीवर दुसरा मालक. पहिले मालक वडील, २०२३ मध्ये माझ्या नावावर. सुरुवातीपासून गाडी एकाच घरात.” घेणाऱ्याला खरं म्हणजे हेच जाणून घ्यायचं असतं, की गाडी किती हातांतून फिरलीय.

अशीच गोष्ट ‘२०१९ मॉडेल’ची. आरसीवर दोन वेगळ्या गोष्टी असतात: गाडी तयार झाल्याचा महिना आणि नोंदणीची तारीख. या गाडीचं उत्पादन डिसेंबर २०१८ चं आणि नोंदणी मार्च २०१९ ची. दोन्ही लिहा. नोंदणीच्या तारखेला आणखी एक महत्त्व आहे. खासगी बाईकची नोंदणी १५ वर्षांची असते, म्हणजे या गाडीची आरसी मार्च २०३४ पर्यंत चालेल. घेणारा हे गणित मनात करतोच, ते आपणच लिहून टाकलेलं बरं.

‘सर्व पेपर क्लिअर’ याच्या चार ओळी करा

‘पेपर क्लिअर’ म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं असतं. म्हणून कागदाचं नाव आणि तो कधीपर्यंत चालेल, एवढंच लिहायचं.

पहिला, विमा. इथे बहुतेक जण गडबडतात. १ सप्टेंबर २०१८ पासून नवीन दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. मामाच्या गाडीचा तो मार्च २०२४ ला संपला. त्यानंतर दरवर्षी फक्त थर्ड पार्टी भरलाय. थर्ड पार्टी म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई. आपलीच गाडी पडली किंवा चोरीला गेली तर त्यातून काही मिळत नाही. नुसतं ‘इन्शुरन्स चालू’ वाचणाऱ्याला वाटतं की सगळंच कव्हर आहे. म्हणून लिहायचं: “फक्त थर्ड पार्टी, मार्च २०२६ पर्यंत.”

दुसरा, पीयूसी. ही गाडी बीएस-४ आहे, तिचं पीयूसी वर्षभर चालतं. मामेभावाचं संपलेलं होतं. काढून आणलं आणि मग तारीख लिहिली. यात एक फायदा असा की ताजं पीयूसी म्हणजे इंजिनचा धूर नुकताच तपासला गेलाय.

तिसरा, कर्ज. गाडी हप्त्यावर घेतली असेल तर आरसीवर फायनान्स कंपनीचं नाव असतं, ज्याला आपण ‘एचपी’ किंवा बोजा म्हणतो. शेवटचा हप्ता भरला म्हणजे ते नाव आपोआप गेलं असं धरून बसू नका. कंपनीकडून एनओसी आणि फॉर्म ३५ घेऊन आरटीओत अर्ज केल्याची, आणि आरसीवरून नाव गेल्याची खात्री करा. मामाने २०२३ मध्ये नाव बदलतानाच हे करून घेतलं होतं. तुमचं झालं नसेल तर जाहिरातीत सरळ लिहा, “कर्ज पूर्ण फेडलंय, एनओसी हातात आहे, आरसीवरून नाव काढायचं काम चालू आहे.” हे लपवलं तर गाडी नावावर होतानाच अडकते, आणि तोपर्यंत पैसे हातात आलेले असतात. भांडणं तिथे लागतात.

चौथं, चलन. `mahatrafficechallan.gov.in` वर गाडीचा नंबर टाकून बघा. मामेभावाची दोन चलनं बाकी निघाली, त्याला पत्ताच नव्हता. ती भरली, पावती ठेवली. आणि हो, १ एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर ती नवी सुरक्षा नंबर प्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवलीय की नाही हेही लिहा. ही गाडी मार्चची, म्हणजे तिला वेगळी बसवून घ्यावी लागली.

किलोमीटर आणि सर्व्हिस: जेवढं दाखवता येतं तेवढंच

मीटरवर ४६,३०० किलोमीटर. पण २०२१ मध्ये मीटरची केबल तुटली होती आणि गाडी तीन-एक महिने तशीच चालवली. म्हणजे खरे किलोमीटर साधारण दीड हजाराने जास्त. मामेभाऊ म्हणाला, “हे कोण बघतंय?”

बघतात. सर्व्हिसच्या प्रत्येक बिलावर त्या दिवसाचं रीडिंग लिहिलेलं असतं. बिलं तारखेने लावली की कुठे किलोमीटर थांबलेत ते दिसतं. मेकॅनिक सोबत आणलेला माणूस हे पाच मिनिटांत पकडतो. मग तो केबल तुटली असं समजत नाही, मीटर मागे फिरवलाय असं समजतो. दीड हजार किलोमीटरसाठी गाडीची किंमत फारशी हलत नाही, पण मीटर फिरवल्याच्या संशयाने सौदाच मोडतो.

सर्व्हिस हिस्ट्रीचंही तसंच. ‘फुल सर्व्हिस हिस्ट्री’ असं न लिहिता मोजून लिहा. पहिल्या फ्री सर्व्हिस शोरूमला झाल्या, त्यानंतर गावातल्या एकाच मेकॅनिककडे. सात बिलं हातात आहेत, बाकीच्यांची नाहीत. मेकॅनिकने बिल दिलं नसेल तर काय झालं? त्याचा नंबर देतो म्हणून सांगा, पण आधी त्याला विचारून. घेणाऱ्याने त्याला फोन करून विचारलं, की या गाडीचं काय काय केलंय, तर ते बिलाएवढंच कामाला येतं.

आणि मोठी कामं रीडिंगसकट लिहा. “क्लच प्लेट ३८,००० ला, चेन-स्प्रॉकेट ४१,००० ला बदललं.” यावरून घेणाऱ्याला पुढचा खर्च कधी येईल त्याचा अंदाज बांधता येतो. ‘एक रुपयाचा खर्च नाही’ या वाक्यावरून काहीच कळत नाही.

‘टकाटक’च्या जागी तीन प्रश्न

आता खरी अवघड जागा, गाडीची अवस्था. इथे एक सोपी पद्धत वापरा. प्रत्येक दोषासाठी तीन प्रश्नांची उत्तरं द्या: काय झालं, काय केलं, काय राहिलं.

मामेभावाची गाडी २०२२ मध्ये पावसात उजव्या बाजूला पडली होती. हँडल वाकलं आणि उजवा इंडिकेटर फुटला. दोन्ही नवीन बसवले. टाकीवर बोटभर ओरखडा आणि सायलेन्सरवर घासल्याची खूण राहिली. झालं, तीन वाक्यांत विषय संपला. नुसतं ‘मायनर स्क्रॅचेस’ लिहिलं तर वाचणारा मनात त्याहून मोठा अपघात रंगवतो.

पुढच्या शॉकअपचं ऑइल सील गळत होतं. अशा वेळी शॉकअपच्या चकचकीत नळीवर तेलकट कडी दिसते, त्यावर धूळ चिकटते. यावर्षी दोन्ही सील बदलले, आता नळी कोरडी आहे. बिल आहे. इथे ‘काय राहिलं’ याचं उत्तर ‘काही नाही’ असं आहे, आणि तेही लिहायचं.

टायरबद्दल ‘टायर ओके’ लिहू नका. टायरच्या बाजूला लंबगोलात चार आकडे असतात. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. मागच्या टायरवर 2823 आहे, म्हणजे २०२३ चा अठ्ठाविसावा आठवडा. पुढच्यावर 4818, म्हणजे २०१८ अखेरचा, गाडीसोबतच आलेला. त्याची नक्षी अजून दिसते, पण रबर कडक झालंय आणि बाजूला बारीक भेगा आहेत. पावसात असा टायर घसरतो. म्हणून लिहायचं: “पुढचा टायर बदलावा लागेल, किमतीत ते धरलंय.”

इंजिनबद्दल एकच ओळ पुरे: “बघायला याल तेव्हा इंजिन थंड ठेवलेलं असेल, स्वतः सुरू करून बघा.” यामागे कारण आहे. आधी गरम करून ठेवलेलं इंजिन सुरू व्हायला त्रास देत असेल तरी ते लपतं. थंड इंजिनच्या पहिल्या धुराचा रंगही बघायला मिळतो. निळसर धूर येत राहिला तर इंजिन ऑइल जाळतंय, आणि तो मोठा खर्च असतो. ज्याला लपवायचंय तो ही ओळ लिहिणारच नाही, हे घेणाऱ्यालाही कळतं.

फोटो याच मजकुराला जोडून काढा. गाडीच्या चारही बाजू, चावी ऑन करून मीटर, दोन्ही टायरचे आकडे, आणि तो टाकीवरचा ओरखडा. ओरखड्याशेजारी एक नाणं धरा, म्हणजे आकार कळतो. गाडी धुऊन घ्या, पण पॉलिश मारून खुणा झाकू नका. आरसीचा फोटो मात्र जाहिरातीत टाकू नका, त्यावर तुमचा पत्ता आणि चेसिस नंबर असतो. पूर्ण गाडी नंबर फोनवर नीट बोलणाऱ्याला द्या आणि आरसी समोरासमोर दाखवा.

सगळं जोडून झालेली जाहिरात

“युनिकॉर्न १५०, काळी. उत्पादन डिसेंबर २०१८, नोंदणी मार्च २०१९, सातारा पासिंग (एमएच ११). गाडी सध्या पुण्यात.

मालकी: आरसीवर दुसरा मालक. पहिले मालक वडील, २०२३ मध्ये माझ्या नावावर. आरसीवर कर्जाचा बोजा नाही.

कागद: विमा फक्त थर्ड पार्टी, मार्च २०२६ पर्यंत. पीयूसी ऑगस्ट २०२६ पर्यंत. चलन बाकी नाही. एचएसआरपी बसवलेली. दोन्ही चाव्या आहेत.

किलोमीटर: मीटरवर ४६,३००. २०२१ मध्ये केबल तुटल्याने साधारण १,५०० किमी मोजलेले नाहीत.

सर्व्हिस: सुरुवातीच्या शोरूमला, नंतर एकाच मेकॅनिककडे. सात बिलं आहेत. क्लच प्लेट ३८,००० ला, चेन-स्प्रॉकेट ४१,००० ला, पुढचे शॉकअप सील यावर्षी.

दोष: २०२२ मध्ये उजवीकडे पडली होती. हँडल आणि इंडिकेटर नवीन, टाकीवर ओरखडा आणि सायलेन्सरवर खूण आहे (फोटो बघा). पुढचा टायर २०१८ चा आहे, बदलावा लागेल.

किंमत ४६,०००. टायरचा खर्च वजा करून लावलीय. गाडी बघून थोडं कमी-जास्त होईल. इंजिन थंड ठेवीन, तुमचा मेकॅनिक आणा. गाडी नावावर करून घेणाऱ्यालाच देणार.”

वाचायला एक मिनिट लागतं. ‘लास्ट किती?’ एवढंच विचारणारे यानंतरही येतात, पण निदान कागदांबद्दल तेच तेच सांगत बसावं लागत नाही. ‘सातारा पासिंग’ लिहिण्याचं कारणही ऐका. राज्यातल्या राज्यात नंबर तोच राहतो आणि पुन्हा रोड टॅक्स लागत नाही. पण गाडी कर्नाटकात किंवा गोव्यात नेणाऱ्याला एनओसी आणि तिथला टॅक्स बघावा लागतो. त्याला हे आधीच कळलेलं बरं.

शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची का?

“नावावर करून घेणाऱ्यालाच देणार.” बरेच जण इथे ढिलाई करतात. पैसे घेतले, सहीचे फॉर्म दिले, चावी दिली, विषय संपला. पण कायद्याच्या नजरेत तो संपत नाही. आरसीवर ज्याचं नाव, तोच मालक. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच प्रकरण होतं. एक कार एकामागून एक अनेकांना विकली गेली होती, पण आरसी पहिल्याच माणसाच्या नावावर राहिली. पुढे अपघात झाला, आणि न्यायालयाने नोंदणी असलेल्या मालकालाच जबाबदार धरलं.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. त्यासाठी फॉर्म २९ आणि फॉर्म ३०. हे कोरे सही करून कधीही देऊ नका. घेणाऱ्याचं नाव, पत्ता आणि तारीख भरल्यावरच सही करा, आणि भरलेल्या फॉर्मचा फोटो ठेवा. चावी देताना एक साधी पावतीही लिहा: गाडी नंबर, रक्कम, तारीख, वेळ, दोघांच्या सह्या. त्या वेळेनंतरचं चलन कोणाचं, यावर मग वाद होत नाही. नंतर `mParivahan` वर नंबर टाकून मालक बदलला की नाही ते स्वतः बघा. बदलेपर्यंत गाडी तुमचीच आहे असं समजा.

एक व्हॉइस नोट

नाशिकच्या एका श्रोत्याने विचारलंय: “दादा, एवढं सगळं खरं लिहिलं तर किंमत पडणार नाही का?”

थोडी पडते. मामेभावाने आजूबाजूच्या तशाच गाड्यांच्या जाहिराती बघितल्या, त्या ५० हजारांच्या आसपास होत्या. टायरचे दोन हजार आणि ओरखड्याचे दोन हजार त्याने स्वतःच कापले. पण हा हिशोब त्याने घरी बसून केला. हेच दोष समोरच्याच्या मेकॅनिकने शोधले असते, तर प्रत्येक दोषामागे ‘अजून काय लपवलंय’ म्हणून जास्तीचे पैसे कापले गेले असते. त्याची गाडी ४४,५०० ला गेली. घेणाऱ्याच्या मेकॅनिकला जाहिरातीबाहेरची एकच गोष्ट सापडली, मागचे ब्रेक लायनर झिजलेले. त्यावर आणि गाडीच्या वयावर घासाघीस झाली, पण टायर आणि ओरखड्यावरून एक रुपया कमी झाला नाही. ते आधीच मोजलेले होते.

आणि एक सावध राहा. गाडी न बघताच पूर्ण किंमत मान्य करून ‘पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणारा भेटला, तर फोन ठेवा. पैसे मिळवायला क्यूआर स्कॅन करायचा नसतो आणि यूपीआय पिनही टाकायचा नसतो.

तुमच्या जाहिरातीत एखादी ओळ कशी लिहायची अडली असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. गाडी नंबर मात्र त्यात बोलू नका. भेटू पुढच्या आठवड्यात!